तीन आकडे, पण निवड एकच

स्टेनलेस स्टीलची एक टाकी घ्या. तिच्यात कायम 120 लिटर पाणी असतं. एका बाजूनं मिनिटाला 12 लिटर पाणी 30 अंश सेल्सिअसला आत येतं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूनं गरम होऊन बाहेर पडतं. आत 25 किलोवॉटचा हीटर आहे आणि पाणी सगळीकडे सारखं तापावं म्हणून ढवळणी फिरते आहे. पॅनेलवरच्या कंट्रोलरचं काम एवढंच, की बाहेर जाणारं पाणी ठरवलेल्या तापमानाला, समजा 45 अंशांना, राहावं. त्यासाठी तो हीटरला शून्य ते शंभर टक्क्यांच्या दरम्यान कितीही ताकद देऊ शकतो.

या कंट्रोलरला चालवणाऱ्यानं तीन आकडे द्यायचे असतात. त्यांनाच पीआयडी म्हणतात. पहिला आकडा सांगतो की तापमान एका अंशानं चुकलं तर लगेच किती जोर लावायचा. दुसरा सांगतो की चूक तशीच रेंगाळत राहिली तर तो जोर किती वेगानं वाढवत न्यायचा. तिसरा तापमान कोणत्या वेगानं बदलतं आहे ते पाहून आधीच आवर घालतो. आकडे तीन, आणि प्रत्येकाला वाट्टेल ती किंमत देता येते. त्यामुळे ट्यूनिंग ही पुष्कळ ठिकाणी अंदाजानं करायची गोष्ट होऊन बसली आहे. थोडं वाढवून बघायचं, लूप डोलायला लागलं की मागे घ्यायचं, आणि जरा शांत झालं की कुणी हात लावू नये म्हणून आकडे कुलूपबंद करायचे.

1942 साली झीग्लर आणि निकोल्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी या चाचपडण्याला पद्धत दिली. फक्त पहिला आकडा वाढवत न्यायचा, लूप एकसारखं डोलू लागलं की तिथला जोर आणि झोक्याचा काळ टिपायचा, आणि त्यावरून तिन्ही आकडे काढायचे. ही कृती आजही पुस्तकांत पहिली शिकवली जाते. पण तिच्यातून येणारे आकडे फार तापट असतात, आणि एक प्रश्न ती विचारतच नाही: तुम्हाला हे लूप किती वेगानं चालायला हवं आहे? काही ठिकाणी वेग हवा असतो, तर काही ठिकाणी हीटर आणि व्हॉल्व्ह सावकाश हलले तरच बरं असतं.

इंटर्नल मॉडेल कंट्रोल, म्हणजे आयएमसी, ही पद्धत नेमका तो प्रश्न मध्यभागी ठेवते. कार्लोस गार्सिया आणि मॅनफ्रेड मोरारी यांनी 1982 साली तिची नीट मांडणी केली. पुढे 1986 साली डॅनिएल रिव्हेरा, मोरारी आणि सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी दाखवून दिलं की साध्यासुध्या प्लांटसाठी ही पद्धत वापरली तर शेवटी हाती येतो तो कुणी नवा, अनोळखी कंट्रोलर नसतो. आपला जुना पीआयडीच असतो, फक्त आकडे भरून तयार. आपल्या टाकीवर ते कसं घडतं ते पाहू.

सुरुवात टाकीपासूनच करायची. मिनिटाला 12 लिटर वाहणारं पाणी एका अंशानं तापवायला सुमारे 836 वॉट लागतात. म्हणजे हीटर पूर्ण ताकदीनं चालला तर पाणी साधारण 30 अंशांनी तापेल, आणि हीटरच्या प्रत्येक टक्क्यामागे तापमान शेवटी 0.3 अंशानं चढेल. हा झाला टाकीचा गेन, K. दुसरी गोष्ट वेळेची. टाकीत 120 लिटर पाणी आहे आणि मिनिटाला 12 लिटर बदलतं आहे, म्हणून 120 भागिले 12, अर्थात 10 मिनिटं. हा टाइम कॉन्स्टंट, टाऊ. हीटर एकदम वाढवला तर होणाऱ्या एकूण वाढीपैकी 63 टक्के वाढ एवढ्या वेळात होते. ज्या प्लांटचं सगळं वागणं या दोन आकड्यांत मावतं त्याला फर्स्ट ऑर्डर लॅग म्हणतात.

कागदावरच्या हिशेबावर न थांबता हे मोजून घ्यावं. कंट्रोलर मॅन्युअलला टाकायचा, हीटर 50 टक्क्यांवर ठेवायचा आणि तापमान 45 वर स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग हीटर एका झटक्यात 60 टक्के करायचा आणि घड्याळ लावून आकडे लिहीत बसायचं. अशा टाकीत तीन मिनिटांनी 45.5 दिसेल, सहा मिनिटांनी 46.2, अकरा मिनिटांनी 46.9, एकवीस मिनिटांनी 47.6, आणि मग रेंगाळत रेंगाळत 48. दहा टक्क्यांमागे तीन अंश, म्हणजे K बरोबर 0.3 आला. मात्र 63 टक्क्यांचा टप्पा, म्हणजे 46.9, दहाव्या मिनिटाला येण्याऐवजी अकराव्याला आला. पहिलं एक मिनिट तापमान हललंच नव्हतं. हे मिनिट कुठून आलं ते पुढे पाहू. तूर्त ते बाजूला ठेवू. या मोजणीत घाई हा सर्वांत महागडा दोष आहे. वीस मिनिटांनी कंटाळून थांबलं तर K कमी दिसतो, टाऊही कमी दिसतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्या चुकीवर उभा राहतो.

आता आयएमसीचा मूळ विचार. प्लांट कसा वागतो हे जर ठाऊक असेल, तर कंट्रोलरला खरं तर चाचपडण्याचं कारण उरत नाही. तापमान कसं चढायला हवं ते ठरवायचं आणि त्यासाठी हीटर कसा चालवावा लागेल ते मॉडेलवरून उलटं काढायचं. मॉडेल सांगतं की इतका हीटर दिला तर असं तापमान होईल. त्याचा उलटा सांगतो की असं तापमान हवं असेल तर इतका हीटर द्या. अडचण एकच: तापमान तत्क्षणी 45 वरून 50 व्हावं असं म्हटलं तर उलटं मॉडेल क्षणभरासाठी अमर्याद ताकद मागतं. म्हणून मागणीच जरा मऊ करून घ्यायची. तापमान लगेच नको, पण ठरावीक वेगानं वर यावं. हा वेग एका आकड्यानं सांगायचा, त्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटांत 63 टक्के अंतर कापलं जावं, आणि पंधरा मिनिटांत साधारण 95 टक्के.

एवढ्यावर भागत नाही, कारण मॉडेल कधीच तंतोतंत खरं नसतं आणि आत येणारं पाणी मधेच गार होऊ शकतं. म्हणून आयएमसीमध्ये मॉडेल खऱ्या टाकीच्या शेजारी, समांतर चालू ठेवलेलं असतं. हीटरला जी आज्ञा जाते तीच मॉडेललाही जाते. मग टाकीचं मोजलेलं तापमान आणि मॉडेलनं सांगितलेलं तापमान यांची वजाबाकी होते, आणि फक्त तो फरक कंट्रोलरकडे परत येतो. मॉडेल अचूक असेल आणि बाहेरून काही गडबड झाली नसेल तर हा फरक शून्य असतो. म्हणजे परत येणाऱ्या तारेवरून केवळ न ठाऊक असलेली बातमी येते. जे आधीच अपेक्षित होतं त्यावर कंट्रोलर दुसऱ्यांदा धावून जात नाही. मला या रचनेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. साध्या फीडबॅकमध्ये कंट्रोलर स्वतःच केलेल्या कामाचा परिणाम पाहून पुन्हा प्रतिक्रिया देत राहतो, आणि लूप डोलण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता हे मॉडेल आणि त्याचं उलटं रूप एकाच डब्यात बंद करू. बाहेरून पाहणाऱ्याला आत सेटपॉइंट आणि तापमान यांतली चूक जाताना दिसेल आणि बाहेर हीटरची आज्ञा येताना दिसेल. त्या डब्यात काय आहे ते बीजगणित सांगतं. ते तीन ओळींचं आहे, म्हणून इथे देतो. यात `s` नं गुणणं म्हणजे बदलाचा वेग घेणं आणि `s` नं भागणं म्हणजे काळानुसार बेरीज करत जाणं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

```
Gm = K / (τs + 1)
Q  = (τs + 1) / (K(λs + 1))
C  = Q / (1 − Gm·Q) = (τ / (Kλ)) · (1 + 1/(τs))
```

पहिली ओळ टाकीचं मॉडेल आहे. दुसरी त्याचं उलटं रूप, लॅम्डानं मऊ केलेलं. तिसरी म्हणजे तो बंद डबा. कंसातला 1 म्हणजे चुकीच्या प्रमाणात लावायचा जोर, आणि `1/(τs)` म्हणजे चुकीची साठत जाणारी बेरीज. हा पीआय कंट्रोलरच आहे. त्याचा जोर `τ/(Kλ)`, आणि बेरजेचा काळ, ज्याला पॅनेलवर इंटिग्रल टाइम म्हणतात, तो बरोबर टाऊ.

या निकालाकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. इंटिग्रल टाइम हा चाचपडत शोधायचा आकडा उरला नाही. तो टाकीचाच टाइम कॉन्स्टंट आहे, इथे 10 मिनिटं. बेरीज करणारा भाग कुणी मुद्दाम घातलेला नाही. मॉडेल शेजारी चालवल्यामुळे तो आपोआप आला, आणि त्याच्यामुळेच तापमान शेवटी सेटपॉइंटवर येऊन टेकतं, अर्धा अंश खाली अडकून राहत नाही. आणि डी? तो शून्य आला. फर्स्ट ऑर्डर लॅगला डेरिव्हेटिव्हची गरजच नाही, असं गणितच सांगतं. अशा टाकीच्या लूपमध्ये कंट्रोलर कारखान्यातून ज्या आकड्यावर येतो तो डी तसाच ठेवलेला आढळतो, आणि सेन्सरच्या किरकोळ थरथरीनं हीटरची आज्ञा विनाकारण नाचत राहते. तो शून्य करावा. सेन्सर जाड थर्मोवेलमध्ये बसवलेला असेल आणि त्याचा स्वतःचा ठळक विलंब असेल, तर प्लांट दोन लॅगचा होतो आणि हेच गणित केल्यावर त्यातून खरा डी बाहेर येतो. पण तो प्लांटमधून येतो, सवयीतून नाही.

म्हणजे माणसाच्या हाती खरी निवड एकाच आकड्याची राहिली, लॅम्डाची. तो कसा ठरवायचा हे हीटरकडे पाहून चांगलं कळतं. सेटपॉइंट 45 वरून 50 केला असं धरू. 50 अंशांवर टिकून राहायला हीटर अखेरीस 66.7 टक्के लागणार आहे. लॅम्डा 10 मिनिटं, म्हणजे टाऊएवढाच ठेवला तर जोर 3.33 येतो. पाच अंशांच्या चुकीवर हीटर 16.7 टक्क्यांनी उडी मारतो, म्हणजे थेट 66.7 वर जातो, आणि तिथेच थांबतो. कंट्रोलर जणू म्हणतो की अखेरची जागा मला ठाऊक आहे, टाकीला तिच्या गतीनं येऊ द्या. लॅम्डा निम्मा, 5 मिनिटं केला तर जोर 6.67 होतो, हीटर 83 टक्क्यांवर उडी घेतो आणि मग हळूहळू 66.7 वर उतरतो. लॅम्डा 2 मिनिटं केला तर कंट्रोलर 133 टक्के मागेल, आणि ते तर हीटरकडे नाहीतच. या उडीसाठी हीटरच्या मर्यादेत बसणारा सर्वांत लहान लॅम्डा सव्वातीन मिनिटांच्या किंचित वर येतो. त्याहून लहान ठेवला तर लगेच काही बिघडत नाही, पण हीटर शंभरावर अडकलेला असताना इंटिग्रलची बेरीज चालूच राहते आणि तापमान 50 च्या पुढे निघून जातं. कंट्रोलरमध्ये ही बेरीज थांबवण्याची सोय असते. ती चालू आहे ना, हे तपासून घ्यावं.

आता ते हरवलेलं मिनिट. टाकीत सेन्सर बसवायला जागा नव्हती म्हणून तो बाहेर जाणाऱ्या दोन इंची पाइपवर, पाच-सहा मीटर पुढे बसवला असं समजा. तेवढ्या पाइपमध्ये सुमारे 12 लिटर पाणी मावतं. टाकीतलं तापलेलं पाणी सेन्सरपर्यंत पोचायला म्हणून एक मिनिट लागतं. हा डेड टाइम, थीटा. तो कोणत्याही कंट्रोलरला उलटवता येत नाही, कारण त्यासाठी पुढचं आधी माहीत असावं लागेल. आयएमसी त्याच्याशी भांडत नाही. उलटं करताना तो भाग तसाच सोडून देते आणि बाकीचा लॅग तेवढा उलटवते. हिशेब पुन्हा केला की इंटिग्रल टाइम टाऊच राहतो आणि जोराच्या सूत्रात लॅम्डाच्या जागी लॅम्डा अधिक थीटा येतो: `τ/(K(λ+θ))`. आपल्या टाकीत लॅम्डा 4 मिनिटं आणि थीटा 1 मिनिट धरला तर जोर 10 भागिले 1.5, म्हणजे पुन्हा 6.67.

थीटा विसरून चालत नाही, हे एका हिशेबानं दिसतं. सूत्रातून थीटा वगळला आणि कुणी हौसेनं लॅम्डा अर्धा मिनिट ठेवला, तर लूप स्थिर राहत नाही. झोके मावळण्याऐवजी वाढत जातात आणि अखेर हीटर शून्य आणि शंभर यांच्यात आपटत राहतो. सीमा साधारण लॅम्डा बरोबर थीटाच्या 0.64 पटीला आहे, इथे 38 सेकंद. थीटा सूत्रात धरला की हा धोका बराच कमी होतो, आणि स्कोगेस्टाड यांचा सल्ला असा की वेग हवाच असेल तर लॅम्डा थीटाएवढा ठेवावा. मी मात्र मोजणीबद्दल पूर्ण खात्री नसेल तिथे तो तिप्पट-चौपट ठेवण्याच्या बाजूचा आहे. लॅम्डा मोठा ठेवणं म्हणजे मॉडेलच्या चुकीला जागा देणं.

आकडे पॅनेलवर भरताना एककं नीट पाहावीत. पुष्कळ तापमान कंट्रोलर जोर विचारत नाहीत, प्रपोर्शनल बँड विचारतात, म्हणजे किती अंशांच्या चुकीवर आउटपुट पूर्ण शंभर टक्के हलावं. 6.67 जोराचा बँड 100 भागिले 6.67, म्हणजे 15 अंश. जोर वाढवायचा तर बँड कमी करायचा, हे उलट नातं गोंधळात टाकतं. इंटिग्रल टाइम बहुधा सेकंदांत भरायचा असतो. आपल्या दहा मिनिटांसाठी 600 भरायचे. चुकून 10 भरले तर बेरीज साठपट वेगानं साठते, आणि डेड टाइमसकट हे लूप हमखास बेभान होतं. ट्यूनिंग केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत हीटर भरकटू लागला तर आधी एककंच पाहावीत, सिद्धान्त नंतर.

समजा एखाद्या दिवशी मागणी कमी झाली आणि पाणी मिनिटाला 12 ऐवजी 6 लिटर वाहू लागलं. आता टाकीचे दोन्ही आकडे बदलतात. तोच हीटर निम्म्या पाण्याला दुप्पट तापवतो, म्हणून K 0.6 होतो, पाणी बदलायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून टाऊ 20 मिनिटं होतो. पण जोराच्या सूत्रात टाऊ भागिले K येतो, आणि तो जसाच्या तसा राहतो. कारण सरळ आहे: हीटर वाढवल्यावर पहिल्या क्षणी तापमान किती झपाट्यानं चढेल हे टाकीत किती पाणी आहे यावर ठरतं, ते किती वेगानं वाहतं यावर नाही. त्यामुळे जोर बदलायची गरज पडत नाही. चुकतो तो इंटिग्रल टाइम: आत 10 मिनिटं भरली आहेत, टाकी आता 20 मिनिटांची आहे. त्याची खूण म्हणजे सेटपॉइंट बदलल्यावर तापमान थोडं पुढे जाऊन परत येतं. उलट, भरलेला काळ टाकीपेक्षा मोठा असेल तर तापमान जवळ येऊन शेवटचा पाव अंश चढायला फार वेळ घेतं. ट्रेंडवरच्या या दोन खुणा ओळखता आल्या की कोणता आकडा हलवायचा ते कळतं. पाइपमधला विलंबही या दिवशी दोन मिनिटं झालेला असतो. चौपट ठेवलेला लॅम्डा अशा वेळी उपयोगी पडतो.

पद्धतीची एक खरी उणीव आहे आणि ती सेटपॉइंट बदलून पाहणाऱ्याला दिसत नाही. आत येणारं पाणी अचानक 30 वरून 25 अंशांवर आलं असं समजा. डेड टाइम बाजूला ठेवून, लॅम्डा 5 मिनिटं धरून हिशेब केला तर तापमान सात मिनिटांत सव्वा अंशानं घसरतं आणि मग परत चढू लागतं. पण परतताना ते लॅम्डाच्या पाच मिनिटांच्या गतीनं येत नाही, टाकीच्या दहा मिनिटांच्या गतीनं येतं. वीस मिनिटांनीही 0.6 अंश कमीच असतं. कंट्रोलरनं टाकीचा लॅग सेटपॉइंटच्या वाटेवरून पुसून टाकला होता, गडबडीच्या वाटेवर तो तसाच राहिला.

लहान टाकीत याचं फारसं काही वाटत नाही. पण टाकी 1200 लिटरची केली, की टाऊ 100 मिनिटं होतो. लॅम्डा अधिक थीटा 10 मिनिटं ठेवले तर पाच अंशांच्या त्याच गडबडीनं तापमान 0.4 अंशाहून कमीच घसरतं, पण ती घसरण भरून यायला काही तास लागतात. ज्या उत्पादनाला 0.2 अंशाचा फरकही चालत नाही तिथे हे परवडणारं नाही. स्कोगेस्टाड यांनी 2003 साली यावर साधा उपाय सुचवला: इंटिग्रल टाइम टाऊ किंवा लॅम्डा अधिक थीटाची चौपट, यांपैकी जे कमी असेल ते घ्यावं. मोठ्या टाकीत ते 40 मिनिटं येतं. त्यामुळे गडबडीनंतरची रेंगाळ 100 मिनिटांच्या गतीवरून सुमारे 31 मिनिटांच्या गतीवर येते. बदल्यात सेटपॉइंट बदलताना तापमान थोडं पुढे जाऊन परत येतं. जिथे सेटपॉइंट महिनोन्‌महिने हलवला जात नाही आणि आत येणारं पाणी मात्र रोज बदलतं, तिथे हा सौदा बिनधास्त करावा. आपल्या 120 लिटरच्या टाकीत मात्र चौपट म्हणजे 20 मिनिटं आणि टाऊ 10 मिनिटं, म्हणून तिथे टाऊच राहतो, 600 सेकंद.